मुलांचा पालक मृत्युपत्रात नेमताना: आईनेही का लिहावं आणि न्यायालय काय पाहतं

आपल्या सीमाभागात, म्हणजे निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणी या पट्ट्यात, शेतीवाडी असलेल्या घरांत वडिलांनी मृत्युपत्र केलं की त्यात पुष्कळदा एक ओळ हमखास असते: ‘माझ्या पश्चात माझ्या अज्ञान मुलांचा सांभाळ माझा भाऊ करील.’ लिहिणाऱ्याची भावना खरी असते. भाऊ एकाच घरात राहतो, शेत एकत्र आहे, मुलंही त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली असतात. पण मुलांची आई हयात असेल तर कायद्याच्या दृष्टीने या ओळीला काहीच जोर नसतो.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा आहे. त्याच्या कलम ९ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. वडील मृत्युपत्राने पालक नेमू शकतात, पण वडील आधी गेले आणि आई मागे राहिली तर ती नेमणूक लागू होत नाही. आई हीच मुलांची नैसर्गिक पालक ठरते. त्यासाठी तिला कुणाची परवानगी नको, मृत्युपत्रात तिचं नावही असायला नको. म्हणून ‘तुझ्या नवऱ्यानेच लिहून ठेवलंय’ असं सांगून कुणी विधवा आईकडून मुलं मागत असेल, तर तो कागद तिच्याविरुद्ध चालत नाही.

आता याच कलमाचा पुढचा भाग बघा. आमच्याकडच्या बायकांना तो सहसा कुणी सांगत नाही. वडिलांची ती ओळ रद्द होत नाही, ती नुसती थांबून राहते. पुढे आई स्वतः मृत्युपत्राने कुणालाही पालक न नेमता गेली, तर वडिलांनी केलेली नेमणूक पुन्हा जिवंत होते. म्हणजे मुलं कुणाकडे जावीत हा शेवटचा शब्द विधवा आईचा आहे, पण तो तिने लिहिला तरच. नाही लिहिला तर दहा वर्षांपूर्वी, परिस्थिती पूर्ण वेगळी असताना, नवऱ्याने लिहिलेलं नाव पुढे येतं. नवऱ्यामागे मुलं वाढवणाऱ्या बाईने घर आणि सोनं कुणाला हे एक वेळ नंतर ठरवलं तरी चालेल, पण पालकाचं नाव आधी लिहून ठेवावं असं मला कळकळीने वाटतं.

हे सगळं हिंदू, जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांपुरतं आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी हा लेख धरून चालू नये.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. उदाहरण कल्पनेतलं आहे, पण त्यातला प्रत्येक मुद्दा इथल्या घरांत उभा राहू शकतो. निपाणीजवळच्या एका गावात नवरा गेला. मागे बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. तीन एकर जमीन दिराबरोबर एकत्र, वाटणी झालेली नाही. बायकोच्या स्वतःच्या नावावर दोन खोल्यांचं घर. विम्याचे पैसे मुलांच्या नावावर बँकेत ठेव म्हणून ठेवलेले. नवऱ्याच्या जुन्या मृत्युपत्रात पालक म्हणून भावाचं, म्हणजे मुलांच्या काकाचं नाव. पुढे बायको आजारी पडली. दवाखान्याच्या चकरा सुरू असताना मुलं गडहिंग्लजला तिच्या धाकट्या बहिणीकडे राहून येत. तिने मृत्युपत्र केलं. त्यात मुलांच्या संगोपनासाठी मावशीला आणि मुलांच्या मिळकतीसाठी मामाला पालक नेमलं. काही महिन्यांनी ती गेली. दिवसकार्य झाल्यावर काका म्हणाला, ‘मुलं आमच्या घराण्याची आहेत, ती महाराष्ट्रात का जातील?’ आणि त्याने पालक म्हणून आपली नेमणूक व्हावी असा अर्ज केला.

पहिला प्रश्न कुठल्या न्यायालयात, हा. सीमेच्या दोन्ही बाजूंना नाती असलेल्या आपल्याकडे यावरूनच महिने जातात. १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्‌स ॲक्ट सांगतो की मुलाच्या पालकत्वाचा अर्ज मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या न्यायालयात करायचा. चार दिवस मुलं गडहिंग्लजला नेली म्हणून प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यात जात नाही, आणि तिकडून रातोरात उचलून आणली म्हणून बेळगावचं होत नाही. शाळा कुठे, घर कुठे, आजवरचं राहणं कुठे, हे बघितलं जातं. इथे मुलं निपाणीजवळ वाढली, शाळा तिथलीच. म्हणून अर्ज बेळगाव जिल्ह्यात चालेल. मुलांच्या ताब्याचा आणि संगोपनाचा विषय कौटुंबिक न्यायालयाकडे असतो, मिळकतीचा जिल्हा न्यायालयाकडे किंवा त्याने अधिकार दिलेल्या न्यायालयाकडे. अपील धारवाडच्या खंडपीठात.

दुसरा प्रश्न: मृत्युपत्र खरं आहे का? इथे न्यायालय कागद बारकाईने बघतं. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. पण करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार हवेतच. त्या दोघांनी तिला सही करताना पाहिलेलं हवं, किंवा ‘ही सही माझी’ असं तिने त्यांना स्वतः सांगितलेलं हवं, आणि मग त्यांनी तिच्यासमोर सही केलेली हवी. पुढे वाद झाला तर त्यांपैकी किमान एकाला न्यायालयात येऊन हे सांगावं लागतं. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण आणि जवळपास राहणारा असावा. ज्याला पालक नेमलंय त्यालाच साक्षीदार करू नये. आजारपणात मृत्युपत्र होत असेल तर एक साक्षीदार उपचार करणारा डॉक्टर असला तर फार बरं, कारण ‘ती शुद्धीवर नव्हती’ हा आक्षेप ठरलेला असतो.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे खास महत्त्वाचा. सब-रजिस्ट्रार ऑफिससमोर बसणारा दस्तलेखक सराईतपणे कन्नडात मसुदा करून देतो आणि ज्या बाईला फक्त मराठी वाचता येतं ती ‘इथे सही करा’ म्हटल्यावर सही करते. त्याने हेतू वाईट ठेवलेला नसतो. पण उद्या विरुद्ध बाजूचा वकील पहिलाच प्रश्न विचारणार: ‘हिला कन्नड वाचता येत होतं का? मग आत काय लिहिलंय हे तिला कसं ठाऊक?’ संशयास्पद परिस्थिती दिसली की ती दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर पडते. यावर सोपा उपाय म्हणजे मृत्युपत्र आपल्याला वाचता येतं त्या भाषेत करावं. मराठी मृत्युपत्र इथेही वैधच असतं, न्यायालयात देताना त्याचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडता येतं. कन्नडातच करायचं झालं, तर ‘हा मजकूर मला मराठीत वाचून, समजावून सांगितला, तो मला मान्य आहे’ असं शेवटी लिहावं आणि समजावणाऱ्याचीही सही घ्यावी.

आपल्या उदाहरणात मृत्युपत्र सिद्ध झालं असं धरू. आता काकाचा अर्ज अवघड होतो. १८९० च्या कायद्याचं कलम ७ म्हणतं की मृत्युपत्राने पालक नेमलेला असेल, तर त्याचे अधिकार संपल्याशिवाय न्यायालय दुसरा पालक नेमू शकत नाही. म्हणजे काका आणि मावशी एका रांगेत उभे राहून ‘दोघांतला चांगला कोण’ अशी तुलना आधी होत नाही. आधी मावशीला हटवावं लागतं, आणि हटवण्याची कारणं कलम ३९ मध्ये ठरलेली आहेत: विश्वासाचा गैरवापर, मुलांना वाईट वागवणं, कर्तव्यात सतत कसूर, सांभाळण्याची असमर्थता, चारित्र्याला बट्टा लावणाऱ्या गुन्ह्यात शिक्षा, मुलांच्या हिताशी विरोधी असा स्वतःचा स्वार्थ, अशी. ‘मुलं आमच्या घराण्याची’ हे त्या यादीत नाही.

काका दोन गोष्टी नक्की म्हणेल. एक, मावशी महाराष्ट्रात राहते. न्यायालयाने नेमलेला पालक हद्दीबाहेर राहायला गेला तर ते हटवण्याचं कारण होऊ शकतं. पण मृत्युपत्राने नेमलेल्या पालकाला कायद्याने इथे जास्त सूट दिलीय. त्या राहण्यामुळे पालकाचं काम करणंच अशक्यप्राय होत असेल तरच हटवता येतं. गडहिंग्लजहून निपाणीला सकाळच्या एसटीने येऊन काम उरकून परत जाता येतं, तेव्हा हा आक्षेप फार लांब जाणार नाही. मावशी दुबईत असती तर गोष्ट वेगळी होती.

दुसरं, काका म्हणेल की मामाने बहिणीकडून दोन लाख हातउसने घेतले होते, ते अजून फेडले नाहीत, मग तो मुलांच्या पैशांचा पालक कसा? हा आक्षेप वजनदार आहे. ते पैसे आता मुलांना येणं आहेत आणि देणेकरीच राखणदार झालाय. पण कलम ३९ मध्ये इथेही एक अपवाद आहे. हा विरोधी स्वार्थ मृत्यूनंतर निर्माण झाला असेल, किंवा मृत्युपत्र करणाऱ्याला तो माहीतच नसेल, तरच त्या कारणाने मृत्युपत्री पालकाला हटवता येतं. आईला माहीत होतं आणि तरीही तिने नेमलं, तर तिची निवड टिकते. म्हणून असं काही असेल तर ते लपवू नये, उलट मृत्युपत्रातच लिहावं: ‘माझ्या भावाकडे माझे अमुक इतके रुपये येणे आहेत हे मला माहीत आहे. ते त्याने मुलांच्या नावे बँकेत भरावेत. हे ध्यानात घेऊनच मी त्याला नेमत आहे.’ या दोनतीन वाक्यांत नेमणूकही वाचते आणि पैशांचा पुरावाही राहतो.

याचा अर्थ मृत्युपत्रापुढे न्यायालयाचे हात बांधलेले असतात असं नाही. १९५६ च्या कायद्याचं कलम १३ सर्वांच्या वर आहे: मुलाचं कल्याण हीच सर्वोच्च गोष्ट. नेमलेल्या माणसाकडे राहणं मुलाच्या हिताचं नाही असं न्यायालयाचं मत झालं, तर त्याला मृत्युपत्राच्या बळावर हक्क सांगता येत नाही. आई-वडील मुलांचं भलं बघूनच नाव लिहितात, म्हणून न्यायालय त्या नावाला मान देतं. पण मूल म्हणजे घर किंवा दागिना नव्हे, की मृत्युपत्रात ज्याचं नाव त्याच्या हाती सोपवलं.

मग कल्याण ठरवताना काय बघतात? आजारपणात मुलांचं दूधपाणी, अभ्यास, ताप-खोकला कुणी बघितलं. भावंडं एकत्र राहतील का. शाळा मध्येच बदलावी लागेल का. अर्ज करणाऱ्याचा डोळा मुलांवर आहे की मुलांच्या वाट्यावर. वाटणी अडवून बसलेला काका पालकत्व मागायला येतो तेव्हा हा शेवटचा प्रश्न त्याला विचारला जातोच. मूल समजतं झालं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी आपल्या दालनात, नातेवाइकांना बाहेर ठेवून बोलतात. तेरा वर्षांची मुलगी काय म्हणते याला चांगलं वजन मिळतं, सात वर्षांच्या मुलाच्या बोलण्याला तितकं नाही. मुलीला आधी पढवून ठेवलं असेल तर ते अनुभवी न्यायाधीशाला दोन प्रश्नांत कळतं. घरच्यांनी हा उद्योग करू नये, मुलीच्या मनावर त्याचा भार राहतो.

पैसा आणि वय यांवरूनच निकाल लागत नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अहमदाबादेत आई-वडील दोघेही गेलेल्या एका लहान मुलाचं प्रकरण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. एका बाजूला ७१ आणि ६३ वर्षांचे आजी-आजोबा, दुसऱ्या बाजूला नोकरी करणारी ४६ वर्षांची मावशी. गुजरात उच्च न्यायालयाने मावशीचं वय, उत्पन्न आणि मोठं कुटुंब पाहून ताबा तिला दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि मूल आजी-आजोबांकडे दिलं, कारण केवळ वय किंवा कमाई ही कसोटी होऊ शकत नाही. त्या घरात पालक नेमणारं मृत्युपत्र असतं तर प्रश्न सुरूच वेगळ्या जागेवरून झाला असता, हे मला त्यात सर्वांत जास्त लागतं.

मावशीचं पालकत्व टिकलं तरी काकाला मुलांपासून तोडलं जाईल असं समजू नये. गणपतीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं गावी जातील, काकाला भेटता येईल, असा आदेश न्यायालय देऊ शकतं. मुलांसाठी तेच बरं असतं.

आता जमीन. इथे लोकांची सर्वांत जास्त फसगत होते. आईने मामाला ‘मुलांच्या सर्व मिळकतीचा पालक’ नेमलं, तरी एकत्र कुटुंबाच्या, वाटणी न झालेल्या शेतातल्या मुलांच्या हिश्शाला ती नेमणूक लागू होत नाही. घरातला प्रौढ माणूस ती जमीन बघत असेल, तर त्या अविभक्त हिश्शासाठी वेगळा पालक नेमता येत नाही, हे कलम १२ मध्ये आहे. म्हणजे आपल्या उदाहरणात मुलं मावशीकडे, बँकेतली ठेव आणि आईचं घर मामाच्या देखरेखीखाली, पण तीन एकर काकाच्याच हातात. ते आईला नको असेल तर मृत्युपत्राने भागत नाही. तिने हयातीतच वाटणी करून घ्यावी, ती रजिस्टर करावी, आणि मुलांच्या हिश्शाचा उतारा वेगळा निघेल असं बघावं. दीर तयार नसेल तर वाटणीचा दावा. ते सोपं नाही, पण दुसरा रस्ता नाही.

मामाच्या हातातलं घरही तो मनाला येईल तेव्हा विकू शकत नाही. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत विकायला, गहाण टाकायला किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायला न्यायालयाची आधी परवानगी लागते. मुलाची खरी गरज किंवा उघड फायदा दिसला तरच ती मिळते. परवानगीशिवाय विकलं तर मूल अठराचं झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकतं, म्हणून शहाणा खरेदीदार असा सौदा करत नाही. ठेवीच्या पैशांसाठी बँक मृत्युपत्राच्या प्रतीवर समाधान मानेलच असं नाही. अशा वेळी मामाने न्यायालयात जाऊन आपण मृत्युपत्री पालक आहोत असं जाहीर करून घ्यावं, कायद्यात तशी सोय आहे.

पालक नेमणारा मजकूर कसा असावा? साधारण असा: ‘माझ्या पश्चात माझी मुलगी व मुलगा वयाची अठरा वर्षे पूर्ण करेपर्यंत त्यांच्या संगोपनासाठी पालक म्हणून मी माझी सख्खी धाकटी बहीण (पूर्ण नाव, वय, पत्ता) हिला नेमत आहे. माझ्या आजारपणात मुले तिच्याकडेच राहिली आहेत व त्यांना तिचा लळा आहे. तिने हे मान्य केले आहे. तिला हे काम करणे शक्य नसल्यास माझ्या मावस बहिणीने (पूर्ण नाव, वय, पत्ता) पालक व्हावे. दोन्ही मुलांना एकत्र ठेवावे. माझ्या पतीने त्यांच्या मृत्युपत्रात केलेली नेमणूक मला माहीत आहे. ती लागू होऊ नये अशी माझी इच्छा आहे.’ मिळकतीचा पालक वेगळ्या परिच्छेदात. कारण जरूर लिहावं, कारण वाद झालाच तर न्यायाधीशांना तिचं मन त्या दोन ओळींतूनच कळणार असतं. आणि जिला नेमायचं तिला आधी विचारावं. पालकत्व कुणावर लादता येत नाही, तिने नकार दिला तर पर्यायी नाव उपयोगी पडतं.

साक्षीदार नसलेली, वहीच्या पानावर लिहिलेली चिठ्ठी हे मृत्युपत्र होत नाही. तिने पालक नेमला जात नाही. तरी ती फाडू नये. न्यायालय स्वतः पालक नेमायला बसतं तेव्हा मृत आई-वडिलांची इच्छा ही विचारात घ्यायच्या गोष्टींपैकी एक आहे, आणि तिथे ती चिठ्ठी वाचली जाऊ शकते.

नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या किंवा घटस्फोट झालेल्या आईसाठी मात्र चित्र वेगळं आहे. मुलांचे वडील हयात असतील तर तिने मृत्युपत्रात आपल्या बहिणीला पालक नेमलं तरी ते सहसा लागू होत नाही, वडीलच पालक राहतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजाराने आई गेलेल्या मुलीचा ताबा आईकडच्या नातेवाइकांकडून काढून वडिलांना दिला होता. वडील अयोग्य असल्याचं दिसलं तर न्यायालय वेगळा विचार करतं. १९९२ च्या एका प्रकरणात आईच्या संशयास्पद मृत्यूबद्दल वडिलांवर खटला चालू होता, तेव्हा मुलं मामाकडे ठेवली गेली. म्हणून अशा आईने नाव लिहावंच, पण त्याबरोबर वडिलांनी मुलांना किती वर्षं भेट दिली नाही, पोटगी दिली की नाही, मारहाणीची तक्रार कधी नोंदवली, याचे कागद तारखांसह एका जागी ठेवावेत आणि ते कुठे आहेत हे बहिणीला सांगून ठेवावं.